वाचनकोपऱ्याचा रंग पुस्तकाच्या पानापासून ठरवा

माझ्या मैत्रिणीच्या घरी पॅसेजच्या टोकाला एक खोबण होती. ६ फूट रुंद, ४ फूट खोल, तीन बाजूंना भिंती आणि चौथी बाजू पॅसेजकडे उघडी. समोरच्या, म्हणजे सर्वांत आतल्या भिंतीत एक मध्यम आकाराची खिडकी. तिथे एक खुर्ची आणि पुस्तकांची मांडणी ठेवायची आणि रात्री सगळं आवरल्यावर दोन-तीन तास निवांत वाचत बसायचं, असं तिच्या मनात होतं. रंगही तिने ठरवून टाकला होता. तिन्ही भिंतींना गडद शेवाळी! तसा एक कोपरा तिने फोटोत पाहिला होता.

फोटो खरंच देखणा होता. पण तो काढणारा माणूस कोपऱ्याच्या बाहेर उभा होता. वाचणारा आत बसतो, त्याची नजर तासन्‌तास पानावर असते आणि मधूनमधून वर उठते ती ठरावीक दोन-तीन जागांवर जाते. त्या जागांचा रंग चुकला की डोळे लवकर शिणतात आणि आपण कारण शोधतो चष्म्याच्या नंबरात. म्हणून आम्ही शेड कार्ड बाजूला ठेवलं आणि पुस्तकाच्या पानापासून सुरुवात केली. तोच क्रम इथे सांगते. पहिल्यांदाच असा कोपरा रंगवणाऱ्याने हाच क्रम धरावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिली पायरी: बसा, वाचा आणि नजर कुठे जाते ते टिपा

खुर्ची जिथे ठेवायची तिथे ठेवा आणि अर्धा तास खरोखर वाचा. मग जवळच्या कागदावर लिहा, की मान वर केली तेव्हा समोर काय दिसलं, पानाच्या कडेबाहेर खाली काय दिसत होतं, उजव्या-डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात काय होतं. तीन-चार ओळींपेक्षा जास्त लिहावं लागत नाही.

मैत्रिणीच्या खोबणीत खुर्ची डाव्या भिंतीला पाठ करून बसत होती. त्यामुळे खिडकी डाव्या हाताला आली. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला टिपणं काढताना हे बरं पडतं, कारण हाताची सावली कागदावर येत नाही. समोर, उजव्या भिंतीला टेकून, पुस्तकांची मांडणी. उजव्या हाताला मोकळा पॅसेज. अर्धा तास बसल्यावर जे लक्षात आलं त्याने सगळा बेतच बदलला. वाचताना डाव्या भिंतीचा रंग तिला दिसणारच नव्हता, कारण ती पाठीमागे होती. सतत दिसणार होती पुस्तकांची मांडणी, आणि कडेला खिडकीभोवतीची भिंत.

म्हणजे कोपऱ्यातल्या भिंती एकसारख्या महत्त्वाच्या नसतात. पाठीमागची भिंत तुमच्या हौसेसाठी मोकळी आहे. तिथे हवा तितका गडद, हवा तितका धीट रंग द्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दिसेल, कोपऱ्याला ऊब आणि खोली येईल आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांना त्याचा त्रास होणार नाही. समोरची आणि कडेची बाजू मात्र डोळ्यांच्या सोयीने ठरवायची.

दुसरी पायरी: दिवा आधी, रंग नंतर

रात्री वाचायचं असेल तर तुम्ही भिंतीचा रंग बघणार तो दिव्याच्या उजेडात. दिवा नंतर बदलला, तर पसंत केलेला रंगही बदलतो. शेड कार्डावर अगदी जुळणाऱ्या दोन छटा एका उजेडात सारख्या आणि दुसऱ्या उजेडात वेगळ्या दिसू शकतात, कारण वेगवेगळी रंगद्रव्यं मिसळूनही एकसारखा दिसणारा रंग तयार करता येतो. हे विशेषतः राखाडी, मातकट आणि शेवाळी छटांत जाणवतं. दुकानातल्या पांढऱ्या ट्यूबलाइटखाली शांत राखाडी वाटलेली छटा घरी पिवळसर दिव्याखाली हिरवट वाटते ती बहुतेक वेळा यामुळेच.

म्हणून वाचनाचा दिवा आधी आणा. बल्बच्या खोक्यावर दोन आकडे बघा. एक केल्विनचा: २७०० म्हणजे ऊबदार पिवळसर, ४००० म्हणजे पांढरा, ६५०० म्हणजे निळसर. संध्याकाळी बराच वेळ वाचत बसायचं असेल तर २७०० ते ३००० मधला घ्या. दुसरा आकडा सीआरआयचा, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा. तो ९० किंवा जास्त असावा. ८० वाल्या दिव्याखाली लाल आणि तपकिरी रंग मेल्यासारखे दिसू शकतात, आणि पुस्तकांच्या कण्यांवर हेच दोन रंग हमखास असतात.

अंधूक उजेडाबद्दल आणखी एक गोष्ट. चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला टिपलं, की उजेड कमी होत गेला की लाल रंग लवकर काळवंडतो आणि निळा त्या मानाने उजळ राहतो. दिव्याच्या वर्तुळाबाहेर, कोपऱ्याच्या सावलीत नेमकं हेच होतं. दिवसा सुरेख दिसणारा गडद विटकरी किंवा वाइनसारखा लाल रात्री सावलीत जवळजवळ काळा होतो. तो काळोख तुम्हाला आवडत असेल तर हरकत नाही. पण तो येणार हे आधी माहीत असू द्या.

तिसरी पायरी: रंगाचं नाव ठरवण्याआधी तो किती गडद ते ठरवा

हिरवा की निळा, यावर लोक आठवडे घालवतात. माझ्या अनुभवात डोळ्यांचं सुख त्याआधीच्या प्रश्नावर ठरतं: पानाच्या मानाने भिंत किती उजळ दिसते?

बऱ्याच शेड कार्डांवर प्रत्येक छटेजवळ एलआरव्ही असा आकडा छापलेला असतो. नसला तर दुकानदाराला विचारा किंवा कंपनीच्या यादीत बघा. तो सांगतो, की भिंतीवर पडलेल्या उजेडातला १०० पैकी किती भाग भिंत परत देते. अगदी शुभ्र पांढरा ८५ च्या आसपास असतो, मधली मातकट छटा ५० च्या, गडद शेवाळी किंवा नेव्ही ब्लू १० च्या आसपास किंवा खाली. छापील पुस्तकाचं साधारण पान आपण ७५ धरू.

आता मैत्रिणीचा मूळ बेत आकड्यांत बघा. वाचनाच्या दिव्याने पानावर ५०० लक्स उजेड पडतो. ग्रंथालयांच्या वाचनकक्षांसाठी शिफारस केलेला उजेड साधारण एवढाच आहे. दिवा पानाकडे वळवलेला असल्यामुळे समोरच्या भिंतीवर पोचतो फार तर ६० लक्स. पानाची उजळी काढायला ५०० ला ७५ टक्क्यांनी गुणायचं: ३७५. गडद शेवाळी भिंतीची उजळी, ६० ला ८ टक्क्यांनी गुणून, जेमतेम ५. म्हणजे पान भिंतीपेक्षा ७५ पट उजळ! डोळा वर उठला की अंधारात पडतो आणि खाली आला की पान अंगावर येतं. प्रकाशयोजना करणारे लोक एक ढोबळ प्रमाण पाळतात: पानाला लागून दिसणाऱ्या गोष्टी पानापेक्षा तिपटीहून जास्त काळोख्या नसाव्यात आणि लांबच्या गोष्टी दहापटीहून. ७५ पट त्याच्या फार बाहेर आहे.

तीच भिंत ५० एलआरव्हीची केली, तर तिची उजळी ३० येते आणि प्रमाण साडेबारावर उतरतं. शिवाय भिंतीवर फेकणारा एखादा छोटा दिवा लावून तिथला उजेड १०० लक्सपर्यंत नेला, तर उजळी ५० होते आणि प्रमाण साडेसात. हे झालं डोळ्यांना मानवणारं. फोनमधल्या लक्समीटर ॲपने हे उजेड ढोबळपणे मोजता येतात. आकडा अचूक येत नाही, पण पानावर आणि भिंतीवर किती फरक आहे ते कळायला तो पुरतो.

मग सरळ पांढरा का नको, असं कुणीही विचारेल. रात्री पांढरा चालतो. दिवसा मात्र खिडकीतून थेट उजेड येणाऱ्या भिंतीवर तो पानापेक्षाही उजळ होतो आणि पान राखाडी, मळकं वाटायला लागतं. त्यातून बऱ्याच पुस्तकांचा कागद सायीच्या रंगाचा असतो. निळसर पांढऱ्या भिंतीपुढे तो अगदीच जुनाट दिसतो. समोरच्या आणि कडेच्या भिंतीसाठी मी ४५ ते ६५ च्या दरम्यानची छटा सुचवते. फक्त खिडकी ज्या भिंतीत आहे ती याला अपवाद. खिडकीतलं आकाश आणि तिच्याभोवतीची भिंत यांच्यात फार तफावत असली तर खिडकी डोळ्यांत खुपते. म्हणून त्या भिंतीला ७० च्या पुढची फिकट छटा द्या, पण ऊबदार अंगाची. छतही असंच फिकट ठेवा. उजेड परतवण्याचं बरंचसं काम तेच करतं.

चौथी पायरी: रंगाची जात निवडताना कोपऱ्याचा गुणाकार लक्षात घ्या

ही पायरी मी चुकून शिकले. काही वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या खिडकीशेजारच्या कोपऱ्याला मी हळदी रंग दिला होता. शेड कार्डावर तो मऊ, साजूक दिसत होता. दोन्ही भिंती रंगवून झाल्यावर, त्या जिथे मिळत होत्या तिथे तो इतका पेटलेला दिसायला लागला, की मला वाटलं दुकानात रंग चुकीचा कालवला गेला. डबा तपासला; रंग बरोबर होता.

झालं होतं असं. मोठ्या खोलीत भिंतीवरून परतलेला उजेड बराचसा मोकळ्या जागेत पसरतो. अरुंद कोपऱ्यात तो समोरच्या किंवा शेजारच्या भिंतीवर आपटतो, तिथून परत येतो, पुन्हा जातो. प्रत्येक फेरीत रंग आपल्या आवडीचा भाग ठेवतो आणि नावडता गिळतो. समजा, हळदी रंग पिवळ्या उजेडातले १०० पैकी ७० भाग परत देतो आणि निळ्यातले ४०. पहिल्या फेरीत ७० ला ४०, म्हणजे पावणेदोन पट. दुसऱ्या फेरीत ४९ ला १६, म्हणजे तिपटीहून जास्त. तिसऱ्या फेरीत ३४ ला ६. रंग तोच, पण कोपऱ्यात तो स्वतःलाच गुणत जातो.

तेच या हळदीत भरपूर राखाडी मिसळून ७० ला ६० अशी छटा घेतली, तर दुसऱ्या फेरीत ४९ ला ३६ आणि तिसऱ्या फेरीत ३४ ला २२ राहतात. म्हणजे तिसऱ्या फेरीनंतरही ती पहिल्या हळदीच्या पहिल्या फेरीपेक्षा सौम्यच आहे. म्हणून नियम असा धरा: कोपऱ्यासाठी शेड कार्डावर जी छटा आवडली, तिच्याच कुळातली एक-दोन पायऱ्या अधिक राखाडी, अधिक मातकट छटा घ्या. कार्डावर ती निर्जीव वाटेल. कोपऱ्यात लागल्यावर ती नेमकी तुमच्या मनातली होते.

हा परतलेला उजेड पानावरही पडतो. हातभर अंतरावर भडक हिरवी भिंत असेल तर पान हिरवट दिसतं, अबोली असेल तर गुलाबीसर. ओळखायची युक्ती सोपी आहे. एक कोरा पांढरा कागद दिव्याकडे तोंड करून धरा, मग हळूहळू भिंतीकडे वळवा. वळवताना कागदाला स्पष्ट रंग चढला, तर ती भिंत वाचताना पानावरही उतरणार.

आता हिरवा, निळा की तपकिरी? ‘निळा मन शांत करतो, पिवळा उत्साह देतो’ अशा याद्या मी फारशा मनावर घेत नाही. भडक, ठसठशीत रंग लक्ष वेधून घेतो आणि राखाडीकडे झुकलेला मागे राहतो, एवढं मला पुरेसं वाटतं. वाचताना भिंतीने मागे राहावं. मळका शेवाळी, राखेत कालवलेला निळा, फिकट बदामी, मातकट गुलाबी यांतला कुठलाही चालेल. त्यातला जो तुम्हाला मनापासून आवडतो तो घ्या. जिथे थेट ऊन कधीच येत नाही अशा कोपऱ्यात मात्र आकाशाचा निळसर उजेडच असतो आणि त्यात राखाडी-निळ्या छटा आणखी गार पडतात. तिथे ऊबदार अंगाची छटा सावरून घेते.

पाचवी पायरी: पुस्तकं हाही एक रंग आहे

छोट्या घरगुती ग्रंथालयात सर्वांत मोठा रंगीत पृष्ठभाग भिंतीचा नसतो. मांडणी भरली की ती जागा पुस्तकांच्या कण्यांची होते: लाल, काळे, पिवळे, निळे, पांढरे, अक्षरांनी भरलेले. एवढी गर्दी असताना मांडणीला आणि तिच्या पाठीला आणखी एक ठळक रंग दिला तर नजरेला विसावा कुठेच उरत नाही.

मांडणी रंगवण्याआधी तीन-चार खण पुस्तकांनी भरा आणि फोनवर फोटो काढून तो कृष्णधवल करा. रंगासाठी फोनच्या फोटोवर विश्वास ठेवू नका, कारण फोन उजेडाची छटा स्वतःच दुरुस्त करतो. फिकट-गडद बघायला मात्र तो उत्तम आहे. फोटोत खण काळ्या पोकळीसारखे दिसत असतील, तर मांडणीची आतली पाठ उजळ करायला हवी. मांडणीची पाठ गडद ठेवली की ती खोल आणि भारदस्त दिसते हे खरं, पण खालच्या खणातलं नाव वाचायला वाकून बॅटरी लावावी लागते. मैत्रिणीच्या कोपऱ्यात ही मांडणी थेट नजरेसमोर होती, त्यामुळे तिच्या पाठीला आम्ही ५० च्या आसपासची मातकट छटा घेतली आणि वरच्या फळीखाली एक बारीक पट्टीदिवा लावला. तिसऱ्या पायरीत सांगितलेला भिंतीवरचा उजेड तो हाच.

मांडणी लाकडाच्या रंगात ठेवणार असाल तर लाकडालाही रंग समजा. मिशेल अजेन शेवरल हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसमधल्या गोबलॅं कारखान्यात रंगाईचे प्रमुख होते. तिथल्या काळ्या धाग्याबद्दल तो फिका दिसतो अशा तक्रारी आल्या. त्यांनी तपासलं तर रंग ठीक होता. शेजारच्या धाग्यांमुळे तो तसा दिसत होता. शेजारचे रंग एकमेकांना कसे बदलतात यावर त्यांनी १८३९ मध्ये मोठा ग्रंथच प्रसिद्ध केला. आपल्या कामापुरतं त्यातलं एवढं लक्षात ठेवा: नारिंगी-तपकिरी लाकडाशेजारी साधी राखाडी भिंत निळसर दिसते. ते नको असेल तर किंचित पिवळसर अंगाची राखाडी निवडा. आणि छटा बघताना ती कधीही एकटी बघू नका. लाकडाचा तुकडा आणि चार पुस्तकं शेजारी ठेवूनच बघा.

सहावी पायरी: फळ्यांवर तालीम

भिंतीवर हातभर चौकोन रंगवून बघायची पद्धत मला पटत नाही. भोवती जुनी पांढरी भिंत उरते आणि तिच्यामुळे नवी छटा असते त्यापेक्षा गडद वाटते. घाबरून लोक एक पायरी फिकट घेतात आणि सगळी भिंत झाल्यावर ती फिक्कट, बेचव निघते.

त्याऐवजी हार्डबोर्डचे किंवा जाड पुठ्ठ्याचे २ फूट बाय २ फुटांचे दोन तुकडे घ्या. दोन्हींना प्रायमरचा एक हात, मग छटेचे दोन हात, कडेपर्यंत, पांढरी किनार न सोडता. एक दिवस पूर्ण वाळू द्या, कारण ओला रंग आणि वाळलेला रंग एक नसतो. मग दोन्ही तुकडे काटकोनात जोडून उभे करा. आता तुमच्याकडे एक छोटा कोपरा आहे आणि चौथ्या पायरीतला गुणाकार त्यात दिसतो. एकाच सपाट फळीवर तो कधीच दिसणार नाही.

हा कोपरा जिथे रंग लागणार तिथे ठेवा आणि सकाळी, भर दुपारी आणि रात्री फक्त वाचनाचा दिवा लावून बघा. रात्रीच्या वेळी त्याच्यासमोर बसून वीस मिनिटं वाचा आणि मधूनमधून वर बघा. वर बघताना डोळे स्थिरावायला क्षणभर थांबावं लागतंय का? पानाला रंग चढतोय का? फळीकडे पुन्हा पुन्हा लक्ष जातंय का? तिन्हींचं उत्तर नाही असेल तर ती छटा घ्या. दोनापेक्षा जास्त छटांची तालीम करू नका. तिसरी आली की निर्णय लांबतो.

मैत्रिणीने तिच्या शेवाळीची आणि त्याच कुळातल्या एका फिकट, धुरकट छटेची तालीम केली. रात्री नऊच्या सुमाराला तिने दिवा लावला, गडद फळ्या समोर ठेवून वाचायला बसली आणि दहा मिनिटांत म्हणाली, “अगं, पानाकडे बघताना डोळे आपोआप बारीक होतायत.” मग तिने तीच फळी उचलून पाठीमागे ठेवली आणि धुरकट समोर. त्यानंतर पाऊण तास ती उठलीच नाही.

सातवी पायरी: रंग लावताना

भिंतीला मॅटच घ्या. सॅटिन किंवा तकतकीत रंगात दिव्याचं प्रतिबिंब पडतं आणि वर बघितलं की ते नेमकं डोळ्यांत येतं. मॅटची खोड अशी, की जिथे डोकं, खांदा किंवा हात रोज घासतो तिथे तो चमकायला लागतो आणि डाग धरतो. पाठीमागच्या गडद भिंतीवर हे फार उठून दिसतं. म्हणून त्या भिंतीला धुता येणारा मॅट घ्या आणि खुर्ची चार बोटं पुढे सरकवा. गडद छटेखाली पांढऱ्याऐवजी राखाडी किंवा त्याच छटेकडे झुकणारा प्रायमर वापरला, की दोन हातांत काम होतं. नाहीतर तिसऱ्या हातानंतरही खालचं पांढरं डोकावत राहतं.

मांडणीच्या फळ्यांबाबत घाई अजिबात नको. पाण्यात मिसळणारा रंग हाताला काही तासांत वाळलेला लागतो, पण पूर्ण पक्का व्हायला त्याला दोन-तीन आठवडे लागतात. त्याआधी पुस्तकं ठेवली तर त्यांच्या वजनाने पुठ्ठे फळीला चिकटतात आणि काढताना पुठ्ठ्याचा रंग किंवा फळीचा रंग, दोन्हींतलं एक निघून येतं. नखाने फळीच्या कडेला हळूच दाबून बघा. खूण उमटली तर अजून थांबा.

रंगाचा हिशोब लहान जागेत सोपा असतो. मैत्रिणीच्या कोपऱ्याची उंची ९ फूट. पाठीमागची भिंत ४ गुणिले ९, म्हणजे ३६ चौरस फूट गडद शेवाळी. खिडकीची भिंत ६ गुणिले ९, म्हणजे ५४, त्यातून खिडकीचे १२ वजा, राहिले ४२ चौरस फूट. तिथे ७२ एलआरव्हीची, शेवाळीचीच जवळजवळ पांढरी झालेली ऊबदार छटा. मांडणीच्या आतली पाठ मातकट, तिच्या बाजूला आणि वर उरलेली उजवी भिंत तालमीतल्या धुरकट शेवाळीत. प्रत्येक छटेचे दोन हात धरून क्षेत्रफळ दुप्पट करायचं आणि डब्यावर लिहिलेल्या पसरण्याच्या आकड्याने भागायचं. चारही छटा छोट्या डब्यांत भागल्या. नंतरच्या डागडुजीसाठी थोडा रंग घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवून बाटलीवर छटेचा क्रमांक लिहून ठेवा. तीच छटा दोन वर्षांनी पुन्हा कालवून घेतली तर ती जुन्या भिंतीशी तंतोतंत जुळेलच असं नाही.

जमीन, गालिचा आणि मांडीवरची शाल राहिली. वाचताना पानाच्या कडेला लागून दिसतात त्या याच, म्हणून तिपटीचं प्रमाण आठवा. काळी किंवा अगदी गडद शाल मांडीवर घेतली की पान तिच्यावर तरंगल्यासारखं उजळ दिसतं. मैत्रिणीची शाल गर्द जांभळी होती. महिनाभराने ती म्हणाली, कोपरा उत्तम झालाय, पण रात्री उशिरा अजून थोडं डोळ्यांवर येतं. भिंतींना हात न लावता आम्ही फक्त शाल बदलली. आता मांडीवर वाळूच्या रंगाची आहे, आणि जांभळी खुर्चीच्या पाठीवर, शेवाळी भिंतीसमोर घडी करून ठेवलेली असते.